डिस्क सामाईक, हिशेब कोणाचा?

दहा-बारा व्हर्च्युअल मशीन चालवणारा सर्व्हर अचानक बंद पडला, तर ती मशीन शेजारच्या सर्व्हरवर काही मिनिटांत सुरू करता येतात. अट एकच, त्यांच्या डिस्क त्या शेजाऱ्यालाही दिसायला हव्यात. म्हणून क्लस्टरला सामाईक स्टोरेज लागते. ते निवडताना वेगाच्या आधी एक गोष्ट विचारावी: डिस्कवर कुठे काय लिहिले आहे, याचा हिशेब कोण ठेवतो?

एनएफएसमध्ये हा हिशेब स्टोरेज सर्व्हरकडे असतो. व्हर्च्युअल मशीनची डिस्क म्हणजे त्याच्याकडची एक मोठी फाइल. सगळे त्याच्याकडेच मागतात, त्यामुळे जागेवरून भांडण होत नाही.

आयस्कझी मात्र फाइल देत नाही. ती डिस्कला द्यायचे हुकूम साध्या नेटवर्कवरून पाठवते. सर्व्हरला वाटते, ही माझीच डिस्क, आणि हिशेब तो स्वतः ठेवतो. हीच डिस्क ext4 करून दोन सर्व्हरवर एकदम जोडली, तर मोकळ्या जागेचा नकाशा दोघेही आपापल्या मेमरीत ठेवतात आणि एकमेकांचे लिखाण पुसतात. त्या क्षणी काहीच कळत नाही. पुढे कधीतरी फाइली उघडेनाशा होतात. म्हणून येथे व्हीएमएफएससारखी, अनेक सर्व्हरना धरून चालणारी फाइल सिस्टिम लागते.

दोन्हींत स्टोरेजची पेटी बंद पडली की सगळेच थांबते. सेज वाइल यांच्या संशोधनातून आलेले सेफ ही पेटीच काढून टाकते. डिस्क सर्व्हरमध्येच राहतात. व्हर्च्युअल डिस्कचे साधारण 4 एमबीचे तुकडे होतात आणि प्रत्येकाच्या तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर जातात. कोणता तुकडा कुठे, हे गणिताने ठरते. मात्र सगळ्या प्रती लिहून झाल्याशिवाय ‘झाले’ असे उत्तर येत नाही; नेटवर्क मंद तर सगळी मशीन मंद.

जागेचा हिशेब तर त्याहून फसवा. तीन सर्व्हर, प्रत्येकात 4 टीबीच्या चार डिस्क, म्हणजे एकूण 48 टीबी. तीन प्रतींमुळे हाती 16 उरतात. समजा, सगळ्या डिस्क 70 टक्के भरल्या आहेत आणि एक मेली. बाकीच्या दोन प्रती दुसऱ्या दोन सर्व्हरवर असल्यामुळे तिचा माल त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तीन डिस्कवर यायला हवा. तेव्हा त्या सरासरी 93 टक्के भरतील. पण डिस्क 90 टक्क्यांवर गेली की सेफ तिच्यावर प्रती उभारणे थांबवते, आणि 95 वर लिहिणेच बंद होते.

भरणा 60 टक्क्यांवर ठेवला असता, तर तोच आकडा 80 आला असता. म्हणून अशा तीन सर्व्हरच्या सेफमध्ये 16 टीबीपैकी साडेनऊच आपले समजावेत. तेवढ्यात भागत नसेल, तर डिस्क भरायच्या आधी चौथा सर्व्हर घ्यावा.