बागेचा फोटो बघताना आधी फरशी मोजा

बाल्कनीतल्या बागांचे फोटो शेजारी-शेजारी ठेवले की डोळा हिरवाईवर जातो. निवड करायची असेल तर आधी फरशी आणि कठड्याची सावली बघावी.

समजा, पुण्यातली दक्षिणेकडे तोंड असलेली १० बाय ४ फुटांची बाल्कनी आहे. कठडा भरीव आणि ३ फूट उंच, फरश्या १ फुटाच्या. पहिल्या फोटोत कठड्याला लागून जमिनीवर १० कुंड्या ओळीने मांडल्या आहेत. दुसऱ्यात पश्चिमेच्या भिंतीशी २ फूट रुंद, पायऱ्यांचं स्टँड आहे आणि त्यावर ६ कुंड्या.

पहिला फोटो भरगच्च दिसतो, कारण रोपं अजून लहान आहेत. टोमॅटो किंवा वांग्याच्या दोन रोपांत निदान दीड फूट अंतर लागतं. इथे कुंड्या एकमेकींना टेकल्या आहेत. झाडं वाढली की पानं एकमेकांत घुसतील, हवा खेळणार नाही आणि मावा, पांढरी माशी पटकन पसरेल.

आता ऊन. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंश वर असतो. तेव्हा या कठड्याची सावली फरशीवर जवळजवळ पावणेतीन फूट आत येते. म्हणजे पहिल्या फोटोतल्या कुंड्या नेमक्या सावलीत, आणि ऊन पडतं ते बसायच्या जागेवर. स्टँडच्या वरच्या पायऱ्या कठड्याच्या उंचीला पोचत असल्याने तिथल्या रोपांना ऊन मिळतं. पश्चिमेच्या टोकाला असल्यामुळे त्यांना सकाळचं कोवळं ऊन लाभतं आणि दुपार कलल्यावर भिंतीची सावली. कठडा जाळीचा असता, तर पहिली मांडणीही चालली असती. जूनमध्ये मात्र सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो. तेव्हा वर स्लॅब असलेल्या या बाल्कनीत दुपारचं थेट ऊन दोन्ही मांडण्यांना मिळत नाही. म्हणून एका फोटोवरून वर्षभराचा अंदाज बांधू नये. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी काढलेले फोटो मागावेत.

बसायची जागा फरश्यांवरून कळते. पहिल्या मांडणीत कुंड्यांनी १ फूट घेतला आणि पानं अर्धा फूट बाहेर आली, की अडीच फुटांची लांबट पट्टी उरते. खुर्ची मावते, पण कोणी बसलं की मागून जायला वाट राहत नाही. दुसऱ्यात ८ बाय ४ फुटांचा सलग चौक मिळतो. दोन खुर्च्या समोरासमोर आणि मधे चहाचं छोटं टेबल, एवढं सहज बसतं.

एक सावधगिरी: फोनच्या ०.५ लेन्सने काढलेल्या फोटोत बाल्कनी आहे त्याहून खोल दिसते. त्यामुळे अंदाज डोळ्याने न करता फरश्या मोजून करावा, आणि तुलनेचे सगळे फोटो एकाच जागेवरून, साध्या लेन्सने काढलेले असावेत. दार बाहेर उघडत असेल, तर त्याच्या फेऱ्याची जागाही वजा करायला विसरू नये.