१९७२ कुठे गेलं?

एखाद्या जुन्या मुलाखतीची सबटायटल्स हाताशी असतील, तर ती पुन्हा ऐकत टाइप करत बसायची गरज नाही. `.srt` फाइल नोटपॅडमध्ये उघडली की मजकूर समोर येतो, पण तो असा:

```
41
00:03:12,400 --> 00:03:15,100
आमच्याकडे मोठा दुष्काळ पडला तो

42
00:03:15,200 --> 00:03:16,000
१९७२

43
00:03:16,100 --> 00:03:18,900
साली. तेव्हा वि.
```

वर अनुक्रमांक, खाली वेळ, मग पडद्यावर मावेल तेवढाच तुकडा. ४४व्या तुकड्यात पुढचं येतं: ‘स. पागे यांची रोजगार हमी कामाला आली.’

बहुतेक जण ‘ज्या ओळीत फक्त आकडा आहे ती काढून टाका’ असा नियम लावतात. अनुक्रमांक जातात, पण त्यांच्याबरोबर १९७२सुद्धा जातं. देवनागरी अंकांमुळे ते वाचेल असंही नाही. पायथनमधलं `isdigit()` त्यांनाही अंकच मानतं. उरलेलं वाक्य ‘मोठा दुष्काळ पडला तो साली’ असं होतं आणि नजरेतून सहज निसटतं. म्हणून ओळ एकटी बघू नये. आधी `-->` असलेली ओळ शोधायची. तिच्या लगेच वरचा आकडा तेवढा अनुक्रमांक, आणि तिच्या खालचं सगळं बोलणाऱ्याचं.

पुढचं काम तुकडे जोडायचं. दोन तुकड्यांमध्ये एक जागा सोडायची, नाहीतर ‘तो१९७२’ असं चिकटतं. वाक्य कुठे संपलं हे ओळखणं मात्र मराठीत अवघड आहे. इंग्रजीत पुढचं मोठं अक्षर थोडाफार आधार देतं. आपल्याकडे तो नाही. पूर्णविरामावर भिस्त ठेवली, तर ‘वि.’पाशी वाक्य तुटतं आणि पागे आद्याक्षरांपासून वेगळे पडतात. ‘डॉ.’, ‘रु.’, ‘कै.’ यांचंही तेच. अशा संक्षेपांची यादी आधी करावी आणि टिंबाआधी एकच अक्षर असेल, तर वाक्य संपलं असं धरू नये. याने क्वचित दोन वाक्यं एकत्र राहतील. ती हाताने सोडवणं सोपं असतं.

वेळेच्या ओळी पुसायची घाई मला सगळ्यात जास्त खटकते. परिच्छेद कुठे पाडायचा हे त्याच सांगतात. आपल्या उदाहरणात ४४वा तुकडा `00:03:22,300` ला संपतो आणि ४५वा `00:03:26,000` ला सुरू होतो. मध्ये जवळजवळ पावणेचार सेकंदांची शांतता आहे. आधीच्या तुकड्यांत ती सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी होती. वाक्य पूर्ण झालंय आणि अंतर दोन सेकंदांहून जास्त आहे, तर तिथे नवा परिच्छेद, हा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो. बोलणारा शब्द शोधत थांबला असेल तिथे तो फसतो, म्हणून ‘वाक्य पूर्ण’ ही अट सोडू नये.

यंत्राने आपोआप केलेल्या सबटायटल्समध्ये बऱ्याचदा विरामचिन्हंच नसतात. तिथे यातलं निम्मं काम व्हिडिओ लावून, कानानेच करावं लागतं.