अत्तर आणि स्प्रे : बाटलीची नव्हे, तेलाची किंमत मोजा

आमचा धंदा कापडाचा. कापडात जशी सुताची पारख करावी लागते तशीच सुगंधात तेलाची करावी लागते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. ईदच्या आधी घरात आणि दुकानात अत्तर-स्प्रेची खरेदी होते. आपले अनेक बांधव बाटलीचा आकार आणि किंमत पाहूनच सौदा करतात आणि तिथेच फसतात.

स्प्रेच्या बाटलीत दोन चीजा असतात : सुगंधी तेल आणि ते पातळ करणारे स्पिरिट. थोडे पाणीही असते. स्पिरिट लावताच उडून जाते, मागे राहते ते तेल. बाटलीवरचे नाव तेलाचे अंदाजे प्रमाण सांगते. कोलोनमध्ये साधारण 2 ते 5 टक्के, ईडीटी म्हणजे 'टॉयलेट' प्रकारात 5 ते 15, ईडीपी म्हणजे 'परफ्यूम' प्रकारात 15 ते 20, आणि 'एक्स्ट्रे'त 20 ते 30 टक्के. हा व्यापारातला रिवाज आहे, कायद्याचे बंधन नाही. म्हणून कंपनीगणिक फरक पडतो.

आता हिशेब करू. समजा 100 मिलिची ईडीटी 1000 रुपयांना आहे आणि 50 मिलिची ईडीपी 800 रुपयांना. गिऱ्हाईक म्हणेल, पहिली स्वस्त, कारण ती 10 रुपये मिलि पडते आणि दुसरी 16 रुपये. पण पहिलीत 10 टक्के धरले तर तेल 10 मिलि, म्हणजे एक मिलि तेल 100 रुपयांना. दुसरीत 18 टक्के धरले तर तेल 9 मिलि, म्हणजे एक मिलि सुमारे 89 रुपयांना. महाग दिसणारी बाटली स्वस्त निघाली! अर्थात तेलच हलके असेल तर हा हिशेब निकामी, म्हणून पारख हवीच.

अत्तरात स्पिरिट नसते. कनौजच्या जुन्या पद्धतीत फुले पाण्यासह तांब्याच्या देगेत उकळतात आणि वाफ भपक्यात ठेवलेल्या चंदनाच्या तेलात उतरते. चंदन महाग झाल्यापासून बराच माल पॅराफिन किंवा गंधहीन रासायनिक तेलावर बनतो. तो वाईटच असतो असे नाही, पण त्याला चंदनाचा भाव देऊ नये. तोळ्याचा भाव विचारताना 'जमीन कशाची?' हेही विचारा. जमीन म्हणजे ज्या तेलात सुगंध उतरवला ते तेल.

चाचणी कातडीवरच करावी. आधी कागदाच्या पट्टीवर वास घेऊन दोन-तीन बाजूला काढा. मग मनगट नुसत्या पाण्याने धुवून, सुकवून एका हाताला एकच लावा. दोन्ही मनगटे एकमेकांवर घासू नका. घासल्याने ऊब येऊन वरचा हलका वास लवकर उडतो. पहिली दहा-पंधरा मिनिटे लिंबू-संत्र्यासारखे वास पुढे असतात आणि दुकानदार त्याच वेळी बिल फाडायला बघतो. आपण बाहेर पडावे, चहा घ्यावा, बाजारातली कामे करावीत. दोन तासांनी फुलांचा भाग कळतो आणि चार-पाच तासांनी खालचा चंदन, ऊद, कस्तुरीचा. तोवर टिकले आणि आवडले तर दुसऱ्या दिवशी घ्या. कातडी लाल झाली किंवा खाज आली तर तो माल सोडून द्या. आणि कापडवाल्याची एक सूचना : तेलाचा थेंब पांढऱ्या सुती कुडत्यावर किंवा रेशमावर टाकू नका, डाग सहसा जात नाही.

शेवटी साठवण. मी एकदा तीन बाटल्या दुकानाच्या माळ्यावर, पत्र्याखाली ठेवल्या. उन्हाळा सरला तेव्हा लिंबाच्या वासाच्या स्प्रेला व्हार्निशसारखा आंबट दर्प आला होता, गुलाबाचे अत्तर काळपट पडले होते. चंदनाचे मात्र ठीक होते. ऊन, उजेड आणि हवा हे तीन दुश्मन. हलके वास आधी बिघडतात, जड मागून. म्हणून बाटली तिच्या खोक्यातच, कपाटाच्या खालच्या फळीवर, भिंतीच्या आतल्या बाजूला ठेवा. दिव्याखालचा शोकेस, न्हाणीघर आणि गाडी या जागा टाळा. बाटली अर्धी रिकामी झाली की आत हवा भरते. तेव्हा अत्तर लहान गडद काचेच्या कुपीत काठोकाठ भरून बूच घट्ट बसवा. प्लास्टिकमध्ये अत्तर ठेवू नका, काही तेले प्लास्टिकला मऊ करतात. थंडीत अस्सल गुलाबतेल गोठले तर घाबरू नका. हातात धरले की ते पुन्हा पातळ होते.

दुकानदारांनीही ध्यानात घ्यावे : नमुन्याची एकच बाटली बाहेर ठेवा, बाकी माल खोक्यात. उन्हात बिघडलेली बाटली विकली तर गिऱ्हाईक अत्तराला नव्हे, दुकानाला नावे ठेवते.