इर्माचं स्वप्न कुणाच्या बाजूनं?

जुलै 1895. व्हिएन्नाजवळच्या बेलव्ह्यू इथं मुक्कामाला असलेल्या फ्रॉइडला मित्र ऑटो भेटला आणि म्हणाला, तुझी रुग्ण इर्मा सुधारलीय, पण पूर्ण बरी नाही. बोलण्यातला ठपका फ्रॉइडला झोंबला. त्याच रात्री उशिरापर्यंत बसून त्यानं तिची केस लिहून काढली.

पहाटे स्वप्न पडलं. इर्माच्या घशात पांढरा चट्टा दिसतो, डॉक्टर जमतात आणि कळतं की ऑटोनं तिला इंजेक्शन दिलं होतं, बहुधा अस्वच्छ सिरिंजनं. फ्रॉइडचा निष्कर्ष असा की दोष ऑटोचा ठरावा, ही त्याची इच्छा स्वप्नानं पुरवली.

कॅल्विन हॉल आणि त्याच्या वाटेनं गेलेले संशोधक म्हणतील, आदल्या संध्याकाळची काळजीच स्वप्नात आली. हॉल एकट्या स्वप्नावर विसंबत नसे. एकाच माणसाची अनेक स्वप्नं घेऊन त्यातली माणसं, भांडणं, भीती तो मोजायचा. मला ही पद्धत जास्त पटते, कारण तिचं उत्तर चुकीचं ठरू शकतं. इच्छापूर्तीवाल्याला मात्र दुःस्वप्नातही छुपी इच्छा सापडते. पहिल्या महायुद्धातले सैनिक तोच स्फोट स्वप्नात पुन्हापुन्हा अनुभवू लागले, तेव्हा 1920 मध्ये खुद्द फ्रॉइडला अपवाद मान्य करावा लागला.

तरी सातत्याच्या कल्पनेलाही मर्यादा आहे. दिवसभर वाचणारे, टाइप करणारे लोक स्वप्नात क्वचितच वाचतात. तासांपेक्षा मनाला लागलेली गोष्टच स्वप्नात शिरते.