निकालाचा तक्ता

गावात कबड्डीचे सामने झाले. निकालाच्या कागदाचा फोटो कुणीतरी आणला. त्यावरून पहिला कोण, ते आपण काढू या. फोटोत तीन ओळी आहेत :

माळवाडी ३२ – पेठ २४
कोळीवाडा ३० – माळवाडी २६
कोळीवाडा २५ – पेठ २१

येथे सामना जिंकला की २ गुण, हरला की शून्य. ३२, २४ हे त्या सामन्यातले गुण. ते तक्त्यात मांडायचे नाहीत. ते पाहून कोण जिंकले, तेवढे ओळखायचे.

| संघ | खेळले | जिंकले | गुण | क्रमांक |
|---|---|---|---|---|
| कोळीवाडा | २ | २ | ४ | १ |
| माळवाडी | २ | १ | २ | २ |
| पेठ | २ | ० | ० | ३ |

आता पडताळा पाहू. सामने तीन, दर सामन्यात संघ दोन. म्हणून ‘खेळले’ची बेरीज ६ हवी. गुणांचीही ६ हवी. कमी भरली, तर एखादा सामना सुटला असे समजावे.

पण कागदाची घडी नेमकी पेठच्या २१ वर आहे. तो आकडा २९ असेल तर? मग पेठ जिंकले आणि तिघांचे गुण दोन-दोन झाले! अशा वेळी केलेल्या गुणांतून दिलेले गुण वजा करायचे, असा येथला नियम आहे. माळवाडीचे उरतात ४, कोळीवाड्याचे शून्य, पेठेचे उणे ४. म्हणजे पहिला नंबर माळवाडीचा!

बेरजा मात्र दोन्ही वेळा सहाच. ही चूक बेरजेत सापडत नाही. म्हणून अंदाज करू नये. गुण लिहिणाऱ्याची वही पाहावी, मगच क्रमांक लिहावा.