एका पुडक्याचा प्रवास

गाजलेल्या पुस्तकावर चित्रपट निघणे आपल्याला नवे नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट काढला. पुस्तक न वाचलेल्यालाही तो पूर्ण कळतो, कारण तीच कथा दुसऱ्या माध्यमातून पुन्हा सांगितलेली आहे. यास आपण रूपांतर म्हणतो. परंतु कथेचेच भाग पाडून एक भाग चित्रपटात, दुसरा कॉमिकमध्ये, तिसरा संगणकीय खेळात ठेवला तर? या पद्धतीस 'ट्रान्समीडिया' कथन म्हणतात. अमेरिकी अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांनी २००६ मधील 'कन्व्हर्जन्स कल्चर' या ग्रंथात तिची चिकित्सा केली, ती 'द मेट्रिक्स' या कथेच्या आधारे.

लाना आणि लिली वाचोव्स्की यांचा 'द मेट्रिक्स' १९९९ साली आला. यंत्रांनी मानवजातीला बंदिस्त केले आहे. माणसांची शरीरे ऊर्जेसाठी वापरली जातात आणि त्यांची मने एका आभासी जगात गुंतवून ठेवली जातात. सुटलेली थोडी माणसे झायन नावाच्या भूमिगत नगरात राहतात. इतकी पार्श्वभूमी पुरे.

आता एका पुडक्याचा माग काढू. मार्च २००३ मध्ये अमेरिकेतील चित्रपटगृहांत 'फायनल फ्लाइट ऑफ द ओसायरिस' हा छोटा अ‍ॅनिमेशनपट दाखवला गेला. त्यात ओसायरिस या जहाजावरील मंडळींना यंत्रांची फौज झायनच्या दिशेने जमीन पोखरताना दिसते. झायनला सावध करण्यासाठी ज्यू ही तरुणी आभासी जगात शिरून निरोपाचे पुडके टपालपेटीत टाकते. जहाज नष्ट होते आणि हा भाग संपतो.

पुडके पुढे 'एन्टर द मेट्रिक्स' या खेळात सापडते. खेळणारा नायोबी किंवा घोस्ट या पात्राची भूमिका घेतो आणि त्याचे पहिलेच काम म्हणजे टपाल कार्यालयातून ते पुडके मिळवणे. हा खेळ मे २००३ मध्ये 'द मेट्रिक्स रीलोडेड' या दुसऱ्या चित्रपटाबरोबरच बाजारात आला. त्या चित्रपटात, जहाजांच्या कप्तानांच्या बैठकीत नायोबी ओसायरिसचा अखेरचा निरोप सांगते. ज्याने केवळ चित्रपट पाहिला त्याच्यापुढे एक माहिती येते. ज्याने तिन्ही अनुभवले त्याला त्या निरोपाची किंमत ठाऊक असते.

हे साधण्यासाठी माध्यमे तयार होण्याच्या वेळीच एकत्र यावी लागतात. खेळातील सुमारे तासभराची दृश्ये वाचोव्स्कींनीच, चित्रपटातील नटांना घेऊन चित्रित केली. आधी चित्रपट करायचा आणि मग त्याच्या नावावर खेळ विकायचा, अशी ही रीत नव्हती. माध्यमांचा खरा संगम मला इथे दिसतो. एका फोनवर सर्व काही पाहता येणे हा त्याचा फार वरवरचा अर्थ झाला.

कॉमिकचा वाटा मला सर्वांत मोलाचा वाटतो. वाचोव्स्कींनी लिहिलेल्या आणि जेफ डॅरो यांनी रेखाटलेल्या एका कॉमिकमध्ये बी१-६६ईआर या घरकाम्या यंत्राचा खटला आहे. मालक त्याला मोडीत काढणार असतो. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी ते मालकाला ठार करते. मालमत्तेला जगण्याचा हक्क असतो काय, हा न्यायालयापुढील प्रश्न. यंत्राचे नाव रोमन लिपीत पाहिले की 'बिगर' असे वाचता येते, आणि रिचर्ड राइट यांच्या १९४० मधील 'नेटिव्ह सन' या कादंबरीतील बिगर थॉमस हा कृष्णवर्णीय तरुण आठवतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारले होते, हे जाणणाऱ्यास हा खटला केवळ कल्पित वाटणार नाही. चित्रपटात यंत्रे शत्रू आहेत. ती शत्रू का झाली, ते इथून उलगडू लागते.

मात्र या पद्धतीला मोठी मर्यादा आहे. 'रीलोडेड'मध्ये एक मुलगा नियोच्या मागे मागे फिरतो, त्याने आपला जीव वाचवला असे मानतो. त्या मुलाची कथा वेगळ्या अ‍ॅनिमेशनपटात आहे. तो न पाहिलेल्या प्रेक्षकाला ही जवळीक कुठून आली ते कळत नाही. जोडणीतील दोष ओळखण्याची खूण हीच: पात्र अशा ओळखीने वागते, जी आपल्यासमोर कधी घडलेलीच नाही. पुडक्याच्या बाबतीत तसे होत नाही, कारण बैठकीतील प्रसंग स्वतःपुरता पूर्ण आहे.

दुसरी अडचण इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक बोचते. २००५ साली 'द मेट्रिक्स ऑनलाइन' हा हजारोंनी एकत्र खेळायचा खेळ सुरू झाला आणि मॉर्फियस या प्रमुख पात्राचा मृत्यू त्यातच घडवण्यात आला. जुलै २००९ मध्ये तो खेळ बंद झाला. चित्रपट पुन्हा पाहता येतो, कॉमिक ग्रंथालयात मिळू शकते; पण कंपनीच्या संगणकावर चालणारे ते जग बंद होताच तो प्रसंग पुन्हा अनुभवणे संपले. आता त्याची साधने म्हणजे खेळणाऱ्यांनी टिपून ठेवलेली दृश्ये आणि त्यांच्या आठवणी.