ऑर्डरची चाचणी: चार गैरसमज

रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या विकणारे एक दुकान वूकॉमर्सवर उभे आहे आणि पैसे रेझरपेवरून येतात, असे धरू. दुकान उघडण्यापूर्वी टेस्ट मोडमध्ये ५ पेट्यांचा नमुना साठा भरला आहे.

गैरसमज: एक ऑर्डर नीट पार पडली की झाले.
वस्तुस्थिती: ती फक्त सरळ वाट झाली. रेझरपेच्या टेस्ट मोडमध्ये नेटबँकिंग निवडले की खऱ्या बँकेऐवजी नकली पान उघडते. त्यावर Success आणि Failure अशी दोन बटणे असतात. २ पेट्यांची ऑर्डर देऊन Failure दाबा. ऑर्डर Pending payment किंवा Failed दिसायला हवी आणि साठा ५ च राहायला हवा. ती Processing दिसली, तर पैसे न येताच पेट्या बांधल्या जातील.

गैरसमज: ग्राहक दुकानाच्या पानावर परतला नाही, म्हणजे पैसे आलेच नाहीत.
वस्तुस्थिती: पैसे कापले जातात आणि त्याच क्षणी ग्राहकाचे नेट जाते, असे होतेच. अशा वेळी पैसे आल्याची खबर रेझरपेचा सर्व्हर वेबहुकद्वारे दुकानाच्या सर्व्हरला थेट देतो. म्हणून चाचणीत Success दाबताच ब्राउझर बंद करा. थोड्या वेळाने ऑर्डर आपोआप Processing झाली नाही, तर वेबहुकची जोडणी चुकली आहे. वूकॉमर्सची मूळ मांडणी साठा ६० मिनिटे राखून ठेवते आणि तोवर पैसे न आलेली ऑर्डर रद्द करते. खबर पोहोचलीच नाही, तर पैसे भरलेल्या ग्राहकाची ऑर्डरही अशीच रद्द होऊ शकते.

गैरसमज: ऑर्डर रद्द केली की पैसे आपोआप परत जातात.
वस्तुस्थिती: वूकॉमर्समध्ये ही दोन वेगळी कामे आहेत. २ पेट्यांचे पैसे आले की साठा ३ होतो. ऑर्डर Cancelled केली की तो पुन्हा ५ होतो, पण पैसे दुकानाकडेच राहतात. ते परत करायचे तर ऑर्डरमध्ये जाऊन Refund करावे लागते, तेही रेझरपेमार्फत. हाताने नोंदवलेला परतावा फक्त वहीत दिसतो, बँकेत जात नाही. म्हणून चाचणीनंतर रेझरपेच्या डॅशबोर्डवरही परतावा दिसतो का, ते पाहा. दोनपैकी एकच पेटी रद्द करूनही पाहा, कारण अर्धवट परताव्यात रक्कम आणि साठा दोन्ही स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

गैरसमज: टेस्टमध्ये चालले ते लाइव्हमध्येही चालणारच.
वस्तुस्थिती: दोन्हींच्या चाव्या वेगळ्या असतात. `rzp_test_` ने सुरू होणारी चावी काढून `rzp_live_` ची बसवावी लागते आणि वेबहुकही लाइव्ह मोडमध्ये नव्याने नोंदवावा लागतो. नेमके हेच विसरले जाते.

चाव्या बदलल्यावर नमुना ऑर्डरी पुसा, साठा खरा भरा. मग स्वतःच्या खात्यातून एक छोटी खरी ऑर्डर द्या आणि तिचे पैसे परत करा. ते खात्यात जमा झाल्यावरच दुकानाची लिंक ग्राहकांना पाठवा.